रीसेलचा फ्लॅट विकायला काढण्याआधी कागदांची फाईल कशी लावावी

फ्लॅट बघायला येणारी माणसं साधारण वीस मिनिटं घर बघतात. हवा कुठून येते, पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे विचारून होतं. मग निघताना, चपला घालता घालता, त्यांच्यातला एक जण म्हणतो, "कागद सगळे क्लिअर आहेत ना?" आणि विकणारा म्हणतो, "एकदम क्लिअर." ही दोन वाक्यं मी कोथरूड-कर्वेनगरच्या जिन्यांमध्ये इतक्या वेळा ऐकली आहेत, की आता मी विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचंच सोडून दिलंय. तो खोटं बोलत नसतो. त्याने ते कागद दहा-पंधरा वर्षांत उघडलेलेच नसतात.

पुढे गिऱ्हाईक टोकन देतं, त्याची बँक वकील नेमते, वकील यादी पाठवतो आणि मग शोधाशोध सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकाला दुसरा फ्लॅट आवडतो. म्हणून माझ्याकडे कुणी विक्रीसाठी आलं की मी फोटो काढायच्या आधी फाईल मागतो. ती फाईल कशी लावायची ते इथे एका खऱ्या व्यवहाराच्या आधाराने सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदललेत, गुंता तोच ठेवलाय.

कोथरूडमध्ये १९९३ साली बांधलेली इमारत, सहकारी गृहरचना संस्था, दोन बेडरूमचा फ्लॅट. पहिल्या मालकाने तो बिल्डरकडून घेतला. २००६ मध्ये त्याच्याकडून एका काका-काकूंनी दोघांच्या नावावर घेतला, गृहकर्ज काढून. २०१७ मध्ये कर्ज फिटलं. २०१९ मध्ये काका गेले. मुलगा पुण्यातच, मुलगी कॅनडात. काकूंना फ्लॅट विकून मुलाजवळ राहायला जायचं होतं, अपेक्षा ९६ लाखांची. त्या म्हणाल्या, "नॉमिनी मीच आहे, त्यामुळे काही प्रश्न नाही." प्रश्न होता, पण त्याकडे नंतर येतो.

पहिली पायरी: साखळी जुळवा

जेवणाचं टेबल रिकामं करा आणि घरातले सगळे कागद तारखेनुसार डावीकडून उजवीकडे मांडा. सगळ्यात डावीकडे बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला करारनामा, सगळ्यात उजवीकडे तुमचा. मध्ये जितक्या वेळा फ्लॅटचा मालक बदलला तितके दस्त असायलाच हवेत. वकील याला साखळी म्हणतात. प्रत्येक दस्तात 'लिहून देणार' म्हणून ज्याचं नाव आहे, तेच नाव त्याच्या आधीच्या दस्तात 'लिहून घेणार' म्हणून दिसलं पाहिजे. आधी दोघा नवरा-बायकोंनी घेतला आणि पुढच्या दस्तावर एकट्या नवऱ्याची सही आहे, असं दिसलं तर तिथे कडी तुटलीय असं समजा.

प्रत्येक दस्ताबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात: नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो एक पानी उतारा. इंडेक्स टू हा विकणाऱ्याचा सगळ्यात उपयोगी कागद. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं, दस्त क्रमांक, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं एका नजरेत दिसतं. गिऱ्हाइकाच्या पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं त्या एका पानावर असतात. हरवला असेल तर घाबरायचं कारण नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये अलीकडच्या दस्तांचा इंडेक्स टू घरबसल्या सापडतो, आणि जुन्यासाठी ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथे अर्ज करता येतो. दस्त क्रमांक आणि वर्ष ठाऊक असेल तर काम सोपं. ते दस्ताच्या पानांवरच्या शिक्क्यात असतं, म्हणून झेरॉक्स असली तरी ती टाकू नका.

काकूंच्या टेबलावर २००६ चा दस्त होता, १९९३ चा नव्हता. त्याची फक्त झेरॉक्स. मूळ प्रत आधीच्या मालकाने दिली होती का, बँकेत राहिली का, की घरातच कुठे गेली, कुणालाच सांगता येईना. अशा वेळी आधी बँकेची यादी बघायची. कर्ज घेताना बँकेने कोणते मूळ कागद ठेवून घेतले त्याची यादी कर्जदाराला दिलेली असते, आणि कर्ज फिटल्यावर कागद परत करतानाही पोच घेतलेली असते. या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर कळलं की १९९३ चा मूळ करार बँकेत जमा झाला होता आणि परतही मिळाला होता. म्हणजे घरातच होता. दोन दिवसांनी तो बँक लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेला सापडला.

खरंच हरवला असता तर वेगळा मार्ग होता. पोलिसांकडे कागद गहाळ झाल्याची नोंद करायची, दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित नक्कल काढायची, वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि हरकतीची मुदत संपल्यावर प्रतिज्ञापत्र करायचं. याला महिना-दीड महिना सहज जातो. गिऱ्हाईक दारात उभं असताना जाहीर नोटीस छापली तर त्याच्या मनात शंका येते. तीच नोटीस तीन महिन्यांपूर्वीची असेल आणि कुणाची हरकत आली नाही असं वकिलाचं पत्र तिला जोडलेलं असेल, तर त्याला उलट दिलासा वाटतो.

जुन्या दस्तांच्या बाबतीत मुद्रांकही बघून घ्या. महाराष्ट्रात फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं. त्यानंतरचा दस्त पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर असेल आणि त्यावर शुल्क भरल्याचा कुठलाच पुरावा नसेल, तर गिऱ्हाइकाचा वकील तिथेच थांबणार. कमी शुल्काच्या रकमेवर महिन्याला दोन टक्के दराने दंड चढतो, तो मूळ तुटीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. हे प्रकरण मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात सोडवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. असा दस्त साखळीत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच काम हातात घ्या.

दुसरी पायरी: मालक नक्की कोण

आता काकूंच्या 'नॉमिनी मीच आहे' याकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक घरात हा गैरसमज असतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यासाठी ते नाव असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण आलं, त्यात तर स्पष्टच आहे की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस सभासद होईपर्यंत. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते.

काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणजे निम्मा काकूंचा स्वतःचा. काकांचा निम्मा हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांत समान वाटला जातो. बायको, मुलगा, मुलगी इथपर्यंत सगळे मोजतात. मी विचारलं, "काका गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या?" काकू म्हणाल्या, "होत्या की. सासूबाई २०२२ ला गेल्या. सासरे आधीच गेले होते."

इथेच गाडी अडते. मृताची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. काकांच्या निम्म्याचे तीन नाही, चार भाग होतात. आजींना मिळालेला भाग त्या गेल्यावर त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे त्यांच्या मुलीकडे, आणि आधी गेलेल्या मुलाच्या मुलांकडे. ती मुलगी म्हणजे मुलांची आत्या. सुनेला, म्हणजे काकूंना, आजींच्या भागातून काही मिळत नाही.

संपूर्ण फ्लॅटचे ३२ भाग केले तर हिशेब असा. काकूंचे स्वतःचे १६. काकांच्या १६ पैकी काकू, मुलगा, मुलगी आणि आजी यांचे प्रत्येकी ४. आजींच्या ४ पैकी आत्यांचे २, आणि उरलेल्या २ मधून मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी १. म्हणजे शेवटी काकू २०, मुलगा ५, मुलगी ५, आत्या २. ९६ लाखांच्या फ्लॅटमध्ये आत्यांचा हिस्सा ६ लाखांचा. आत्यांना हे माहीत नव्हतं, काकूंना नव्हतं, सोसायटीला तर नव्हतंच. पण गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील मृत्यूचा दाखला बघून पहिला प्रश्न हाच विचारतो.

मार्ग दोन असतात. एक, सगळ्या वारसांनी विक्रीच्या दस्तावर लिहून देणार म्हणून सह्या करायच्या आणि पैसे आपापल्या हिश्शाने घ्यायचे. दुसरा, ज्यांना हिस्सा नको आहे त्यांनी काकूंच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेलं 'ना हरकत प्रतिज्ञापत्र' मालकी हलवत नाही. असले कागद मी दर वर्षी दोन-चार तरी बघतो आणि दर वेळी घरच्यांना वाईट बातमी सांगावी लागते.

मुद्रांक किती लागेल ते नात्यावर आणि मोबदला दिला का यावर ठरतं, ते वकिलाकडून आधी विचारून घ्या. आणि एक सांगतो, हिस्सा मनापासून सोडायचा असेल तरच हक्कसोड करा. आत पैसे द्यायचे आणि कागदावर 'विनामोबदला' लिहायचं, हे पुढे भावंडांतल्या भांडणाचं बी असतं.

कॅनडातली मुलगी येऊ शकत नव्हती. तिने भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घेता येतं, किंवा नोटरी करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, घेता येतं. कॅनडात अपोस्टिलची सोय जानेवारी २०२४ पासून सुरू झालीय. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्यावा लागतो, आणि ही मुदत हमखास विसरली जाते. कुरिअरचं पाकीट फेकू नका, त्यावरच्या तारखेवरूनच दिवस मोजता येतात. मुखत्यारपत्रात कोणता अधिकार दिला ते वाचा. 'फ्लॅटची देखभाल व व्यवहार' असं मोघम असेल तर उपयोग नाही. हक्कसोड करण्याचा, नोंदणी कार्यालयात हजर राहून कबुली देण्याचा अधिकार फ्लॅटच्या वर्णनासकट लिहिलेला हवा.

मुलीने हक्क सोडल्यामुळे आणखी एक प्रश्न टळला. विकणाऱ्यांत एक जरी अनिवासी असला तरी त्याच्या हिश्शावर कापायच्या कराचे नियम निराळे आणि दर जास्त असतो. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला ते झेपत नाही आणि तो बिचकतो. तिला हिस्सा घ्यायचाच असता तर फ्लॅट विक्रीला काढायच्या आधीच तिच्या सीएकडून आयकर खात्याकडे कमी कपातीच्या दाखल्यासाठी तयारी करून ठेवायला सांगितलं असतं.

आत्या स्वतः दुय्यम निबंधकांकडे आल्या. सहीला त्यांनी कुरकुर केली नाही. फक्त म्हणाल्या, "घर रिकामं कराल तेव्हा आईची समई मला द्या." काकूंनी त्याच संध्याकाळी ती घासून पोचवली.

या पायरीवर फाईलमध्ये काय काय पडतं: काकांचा आणि आजींचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र आणि त्याचा इंडेक्स टू, मुखत्यारपत्र. कोर्टाचा वारस दाखला लागेल का, हे गिऱ्हाइकाच्या बँकेवर अवलंबून असतं. वारसांत वाद असेल, कुणी अल्पवयीन असेल किंवा कुणाचा ठावठिकाणा नसेल, तर तो आधीच काढायला घ्या, कारण त्याला महिने लागतात.

तिसरी पायरी: कर्जाचा बोजा

कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि मूळ कागद परत मिळाल्याची यादी, या दोन गोष्टी फाईलमध्ये. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाची नोंद काढायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. त्या आधी फिटलेल्या कर्जांना मात्र स्वतःच पाठपुरावा करावा लागतो.

एक गोष्ट फारच कमी लोक बघतात. कर्जाचा बोजा केंद्राच्या सेरसाई नावाच्या नोंदवहीत चढलेला असतो. पत्र मिळालं, कागद मिळाले, तरी ती नोंद कुणी काढलीच नाही, असं होतं. गिऱ्हाइकाची बँक तिथे शोध घेते आणि तुमच्या फ्लॅटवर जुन्या बँकेचं नाव चमकतं. काकूंच्या बाबतीत तेच झालं होतं. सात वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज तिथे जिवंत होतं. किरकोळ शुल्क भरून हा शोध कुणालाही घेता येतो, म्हणून आपणच आधी घ्यावा. नोंद दिसली तर कर्ज खातं क्रमांक, फेडीची तारीख आणि थकबाकी नसल्याच्या पत्राची प्रत जोडून शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काकूंच्या शाखेने पहिल्या अर्जाला 'आमच्या सिस्टीममध्ये क्लोज दिसतंय' असं उत्तर दिलं. सिस्टीम त्यांची होती, नोंदवही दुसरी. शोधाची छापील प्रत समोर ठेवल्यावर बारा दिवसांत नोंद निघाली. २०१३ नंतरचं कर्ज असेल तर दुय्यम निबंधकांकडे गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दिली गेली होती का तेही विचारून घ्या.

कर्ज अजून चालू असेल तरी फ्लॅट विकता येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बँकेकडून आज किती बाकी आहे याचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या, आणि त्या कागदांच्या झेरॉक्स मागून ठेवा. गिऱ्हाइकाची बँक बहुतेकदा ती बाकी थेट तुमच्या बँकेला भरते आणि उरलेले पैसे तुम्हाला देते. झेरॉक्सला शाखा आठ-पंधरा दिवस लावतात, म्हणून ते काम आजच सांगा.

चौथी पायरी: सोसायटी

शेअर सर्टिफिकेट काढा आणि आधी ते उलटं करा. पुढच्या बाजूला बहुतेकदा पहिल्या मालकाचंच नाव असतं. मागच्या तक्त्यात हस्तांतराच्या नोंदी असतात: तारीख, नवं नाव, अध्यक्ष-सेक्रेटरीची सही, शिक्का. साखळीतला प्रत्येक मालक त्या तक्त्यात दिसला पाहिजे. काका-काकूंची नोंद होती, पण सही एकाच पदाधिकाऱ्याची. हक्कसोडपत्र झाल्यावर सोसायटीला अर्ज देऊन फक्त काकूंच्या नावाची नोंद घेतली आणि त्याच वेळी जुनी सहीही पुरी करून घेतली. कमिटीच्या बैठका महिन्यातून एकदा होतात, एखादा महिना सणात जातो. तेवढा वेळ हिशेबात धरा.

तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली 'अपार्टमेंट' असेल, आणि पुण्यात अशा पुष्कळ आहेत, तर शेअर सर्टिफिकेट नसतंच. तिथे बिल्डरने केलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, आणि तुमच्या नावचं डीड ऑफ अपार्टमेंट लागतं. नसलेलं शेअर सर्टिफिकेट शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

सोसायटीचे कागद दोन प्रकारचे. काही आधी घेऊन ठेवायचे: शेअर सर्टिफिकेट, सोसायटीच्या नोंदणीची प्रत, जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, होऊन जमीन सोसायटीच्या नावावर झाली असेल तर त्याचा इंडेक्स टू आणि सोसायटीचं नाव लागलेला प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा उतारा. १९९३ ची इमारत घेणारा माणूस मनात पुनर्विकासाचा विचार करूनच घेतो, त्यामुळे कन्व्हेयन्स झालंय का, हा प्रश्न येणारच. झालं नसेल तर 'नाही, बिल्डरने करून दिलं नाही म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा सरकारकडे अर्ज केलाय' किंवा 'काही केलेलं नाही' असं सरळ सांगावं.

काही कागद मात्र आधी काढून उपयोग नाही. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र महिन्या-दोन महिन्यांत शिळं होतं. गिऱ्हाइकाच्या बँकेला लागणारी एनओसी तर गिऱ्हाइकाच्या नावाने आणि त्या बँकेच्या नमुन्यात लागते. तुम्ही आधी एवढंच करायचं, की थकबाकी शून्यावर आणायची आणि सेक्रेटरींना भेटून हस्तांतराची फी किती घेता ते विचारून ठेवायचं. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतर शुल्क ५०० रुपये, आणि महापालिका क्षेत्रात प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये, असं सरकारचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे. कुटुंबातल्या वारसाच्या नावे हस्तांतर होताना प्रीमियम लागत नाही. त्याहून जास्त 'देणगी' मागितली तर उपविधीचा मुद्दा लेखी मांडा, पण तो आत्ता मांडा. रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी मांडायचा नसतो, कारण तेव्हा सेक्रेटरींच्या हातात सही असते आणि तुमच्या हातात काहीच नसतं.

पार्किंगचं वेगळं सांगतो, कारण भांडणं सगळ्यात जास्त त्याचीच. जुन्या करारात 'स्टिल्ट पार्किंग क्रमांक ४, रुपये इतके', म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा, असं लिहिलेलं असतं आणि मालकाला वाटतं ते आपल्या मालकीचं आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की स्टिल्टखालची किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक. वाटप सोसायटी करते. म्हणून सोसायटीचं वाटपपत्र हातात असेल तेवढंच गिऱ्हाइकाला सांगा, आणि नव्या सभासदाला तीच जागा मिळते का हेही सेक्रेटरींना विचारून ठेवा.

पाचवी पायरी: क्षेत्रफळ, नकाशा, भोगवटा

करारातलं क्षेत्रफळ वाचताना पुढचा शब्द वाचा: कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं, बिल्टअप म्हणजे भिंती धरून, की सुपर बिल्टअप म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरून. १९९३ च्या करारात ७२० चौरस फूट बिल्टअप होतं, काकू सगळ्यांना '७२० चा फ्लॅट' सांगत होत्या, आणि आताचं गिऱ्हाईक कार्पेटवर भाव लावतं. एका रविवारी टेप घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत खोल्या मोजल्या आणि कार्पेटचा आकडा वेगळा लिहिला. जाहिरातीत दोन्ही टाकले. दोन्ही आकडे वाचून आलेल्या माणसाशी वाद होत नाही.

महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला, सोसायटीच्या कपाटात असतात. नसतील तर महापालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती मिळतात, माहिती अधिकारातही मागता येतात. गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर येतो तो हा नकाशा घेऊनच. बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल, संडास-बाथरूम एक केलं असेल, तर तो ते लिहितो. बदल मोडायची घाई करू नका, पण नकाशाच्या झेरॉक्सवर ते पेन्सिलीने खुणा करून ठेवा आणि आधीच दाखवा.

इथे काकूंच्या फाईलीत एक गंमत निघाली. करारात फ्लॅट क्रमांक ६, लाईट बिलावर बी-६, मिळकत कराच्या पावतीवर १२. बिल्डरने दोन विंगचे क्रमांक सलग दिले होते आणि सोसायटीने नंतर बदलले. राहणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही, वकिलाला पडतो. सोसायटीच्या लेटरहेडवर 'हे तिन्ही क्रमांक एकाच सदनिकेचे आहेत' असं पत्र घेतलं, ठरावाचा क्रमांक घालून. तुमच्या प्रत्येक कागदावरचा फ्लॅट नंबर, विंग, सर्व्हे नंबर एका कोऱ्या कागदावर ओळीने उतरवून काढा. तफावत लगेच डोळ्यात भरते.

नावांचंही तेच. करारात माहेरचं मधलं नाव, पॅनवर नवऱ्याचं, आधारवर आद्याक्षर. पॅन आणि आधार जोडलेलं आहे का ते आधी बघा. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात गिऱ्हाइकाला विकणाऱ्याच्या पॅनवर १ टक्का कर कापून भरावा लागतो, आणि पॅन निष्क्रिय असेल तर तो दर एकदम २० टक्क्यांवर जातो. ९६ लाखांवर १ टक्का म्हणजे ९६,००० रुपये आणि २० टक्के म्हणजे १९ लाख २० हजार. काकूंचं पॅन जोडलेलं होतं, सुदैवाने.

मिळकत कराची चालू वर्षाची पावती आणि महावितरणचं शेवटचं बिल हवं, दोन्ही मालकाच्या नावावर. गॅसची पाईपलाईन असेल तर तिचं बिलही. काकूंचं लाईट बिल १९९३ च्या मालकाच्या नावानेच येत होतं, ते बदलून घ्यायला सांगितलं. भाडेकरू असेल तर भाडेकराराची प्रत आणि घर कधी रिकामं होणार याचं त्याचं लेखी पत्र.

फाईल दाखवायची कशी

सगळं स्कॅन करा, पण सगळं सगळ्यांना पाठवू नका. पहिल्या चौकशीला एक पान पुरतं: इमारतीचं वर्ष, कार्पेट आणि बिल्टअप, मालकाचं नाव कसं आलं त्याच्या तीन ओळी, कर्ज आहे की नाही, कन्व्हेयन्स, पार्किंग, मेंटेनन्स. घर बघून परत आलेल्याला इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, कराची पावती आणि भोगवटा पत्र दाखवा. पूर्ण साखळी टोकन ठरल्यावर त्याच्या वकिलाला. आधार-पॅनच्या प्रती सगळ्यात शेवटी द्या, आणि त्यावर कशासाठी दिल्या ते आडवं लिहून. मूळ कागद बघायला वकिलाला घरी बोलवा, ते बाहेर पाठवायचे नाहीत.

काकूंची फाईल लावायला साडेतीन महिने गेले, त्यातला बराच वेळ मुखत्यारपत्राचा आणि कमिटीच्या बैठकीचा. विक्रीला काढल्यावर तिसऱ्या गिऱ्हाइकाने घेतला. त्याच्या बँकेच्या वकिलाने अकरा मुद्दे पाठवले, दहांची उत्तरं त्याच दिवशी गेली. अकरावा मुद्दा आजींच्या मृत्यूच्या दाखल्यात आडनावाच्या एका अक्षराचा होता, त्याला प्रतिज्ञापत्र केलं.

नोंदणी झाल्यावर मूळ फाईल गिऱ्हाइकाकडे जाते. द्यायच्या आधी प्रत्येक पानाची प्रत तुमच्याकडे ठेवा, विशेषतः खरेदीच्या वेळचा करार, मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या, कारण भांडवली नफ्याचा हिशेब करताना सीए तेच मागतो. आणि काय काय दिलं त्याच्या यादीवर गिऱ्हाइकाची सही घ्या, जशी बँकेने घेतली होती तशी.